वाळू आणि तेल

(आमच्या संघातून या वर्षी वगळलेल्या एका मुलाला लिहिलेलं हे पत्र. त्याला विचारून, त्याचं नाव काढून इथे ठेवतो आहे. खो-खो खेळणाऱ्या इतर मुलांना आणि विशेषतः त्यांच्या पालकांना उपयोग होईल, असं तोच म्हणाला.)

चि. ––– यास,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेच्या कुमार गटाच्या यादीत तुझं नाव नाही. ते निवड समितीनं काढलं नाही आणि कुणाच्या वशिल्यानंही गेलं नाही. मीच काढलं. मैदानावर सगळ्यांसमोर कारण सांगत बसलो नाही, कारण तिथे तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतास आणि मला पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंही. रात्री तुझं स्टेटस पाहिलं. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’, खाली दोन मुठी आणि एक पेटती ज्योत. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते. “सर, अजून किती मेहनत करायची त्यानं?” एवढंच विचारलं. त्यांना मी सांगितलं की उत्तर लिहून देतो, पण त्याला देतो.

ही ओळ आपल्या मैदानावरच्या खोलीच्या भिंतीवरही आहे. निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली, ‘तेलही’वरचा वेलांटीचा फराटा पावसानं गेलेला. मी तिथे शिकवायला लागायच्या आधीपासून ती तिथे आहे आणि मला ती कधीच आवडलेली नाही. वामन पंडितांनी भर्तृहरीच्या श्लोकाचं मराठी केलं त्यातली ही पहिली ओळ. पुढे कवी म्हणतो की मृगजळ पिऊनही एखाद्याची तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत मात्र काढता येणार नाही. म्हणजे वाळूतून तेल काढा असं तो कुणालाच सांगत नाहीये. जगातल्या अशक्य गोष्टींची तो यादी करतोय. आपण त्यातली पहिली ओळ कापून शाळेच्या, तालमीच्या भिंतीवर लावली आणि मुलांना वाळू रगडायला बसवलं. तेल पाहिजे असेल तर तीळ किंवा शेंगदाणे घ्यावेत आणि घाण्याला लावावेत, इतकं साधं आहे ते. गेले सहा महिने तू जे केलंस त्यातली बरीचशी वाळू होती, असं माझं म्हणणं आहे. पटणार नाही, म्हणून मैदानावरच्या गोष्टींनीच दाखवतो.

निवडीसाठी आपण आपापसांत जे सामने खेळलो त्यात तुझे संरक्षणाचे चार डाव झाले. ३८ सेकंद, ४४ सेकंद, ३१ सेकंद, ५२ सेकंद. डाव ९ मिनिटांचा. तीन जणांची एक तुकडी मिळून साधारण तीन मिनिटं काढते तेव्हा समोरचा संघ आपले नऊच गडी बाद करू शकतो, आणि सामना हातात राहतो. तू ४० सेकंदांत गेलास की उरलेल्या दोघांवर सव्वादोन-अडीच मिनिटं येतात. एखाद्या दिवशी ते काढतात, रोज नाही. तुझ्या तुकडीतला तो जाड चष्म्याचा पोरगा, ज्याला तुम्ही सगळे ‘बस’ म्हणता कारण तो सावकाश येतो, त्यानं याच चार डावांत एकदा दोन मिनिटं दहा सेकंद काढली, आणि एकदाही सव्वा मिनिटाच्या आत गेला नाही. तीस मीटरच्या शर्यतीत तू त्याला चार-पाच मीटरनं मागे टाकतोस. हे मला मान्य आहे. मीच घड्याळ लावलं होतं.

मग तू लवकर का बाद होतोस?

मोबाइलवर घेतलेलं चित्रण मी घरी बसून थांबवत थांबवत पाहिलं. चारपैकी एकदा तू खांबाजवळ सूर मारणाऱ्याच्या हाती लागलास. ते कुणाचंही होतं, सोडून दे. उरलेल्या तीनही वेळा तू अगदी एकाच प्रकारे बाद झाला आहेस, इतका सारखा की तिसऱ्यांदा पाहताना मला वाटलं आधीचंच चित्रण परत लागलं.

त्यातला एक घेऊ. ३१ सेकंदांचा.

आपल्या मैदानाची एक बाजू पिंपळाकडची, दुसरी भिंतीकडची. मधल्या पाटीत आठ जण बसलेत. एक, तीन, पाच, सात यांची तोंडं पिंपळाकडे, आणि दोन, चार, सहा, आठ यांची भिंतीकडे. आक्रमक पिंपळाच्या बाजूनं एक नंबरकडून आठकडे निघाला आहे. तू त्याच्या पुढे, एकेरी साखळीत, म्हणजे एकेका बसलेल्याला वळसा घालत नागमोडी. चार आणि पाचच्या मधल्या फटीशी तू पोचतोस तेव्हा आक्रमक अजून तीनच्या पुढे जेमतेम आलेला. तिथे तो दोन पावलं एकदम जोरात टाकतो, अंग पुढे फेकल्यासारखं करतो. हूल आहे ती. तू लगेच कट मारून भिंतीच्या बाजूला उतरतोस. आक्रमक सावकाश चारच्या पाठीशी येतो आणि खो देतो. चार नंबरचं तोंड भिंतीकडेच आहे. तो उठतो तो थेट तुझ्या पाठीवर. तुझ्यात आणि त्याच्यात हातभर अंतर. तू कितीही जोरात पळालास तरी पहिल्या पावलाला तुला वेग नाही, कारण तू आत्ताच वळला आहेस. संपलं.

आता हाच प्रसंग ‘बस’चा. तोही चार आणि पाचच्या मधल्या फटीशी येतो, पण पाऊण वेगानं, अर्धं अंग मागे वळवून, आणि पाच नंबरच्या जवळ छोटी छोटी पावलं टाकत रेंगाळतो. आक्रमक हूल देतो, हा हलत नाही. आक्रमक चारच्या मागे येतो, चारला ओलांडतो, त्याचा मागचा पाय चारच्या आडव्या पाटीतून, म्हणजे चार बसलाय त्या आडव्या पट्ट्यातून, सुटतो, आणि त्या क्षणी हा दीड पावलात पलीकडे जातो.

एवढाच फरक आहे. पण या फरकात सगळा खो-खो आहे. आडवी पाटी सोडून पुढे गेलेल्या आक्रमकाला मागे येऊन त्या खेळाडूला खो देता येत नाही, दिला तर फाउल. दिशा घेतल्यावर त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी त्याला कधीच ओलांडता येत नाही. तू मात्र हवं तिकडे जाऊ शकतोस. १९१४ साली आपल्या डेक्कन जिमखान्यावर या खेळाचे नियम कागदावर उतरले, तेव्हापासून पळणाऱ्याला वाचवणारी गोष्ट हीच आहे. त्याचा पाय सुटला की चार नंबर तुझ्यापुरता उठूच शकत नाही. आता भिंतीच्या बाजूला यायचं तर त्यानं सहाला खो द्यायला पाहिजे, आणि सहा तुझ्या पुढे आहे, तुझ्या पाठीवर नाही. तुला तो उठताना दिसतो. दिसला की परत कुठे जायचं ते ठरवायला वेळ मिळतो. ‘बस’नं दोन मिनिटं काढली ती अशा बारीक बारीक वेळांची बेरीज होती. पळून त्यानं कुणाला हरवलं नाही.

तू पाय सुटण्याच्या आधी जातोस. तीनही वेळा. आणि मला विचारशील तर याचं कारण तुझी मेहनत आहे.

रागावू नकोस, पुढे वाच. दोन बसलेल्या खेळाडूंच्या पाट्यांत साधारण सव्वादोन मीटर अंतर असतं. साखळी खेळताना दर दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला तुला दिशा बदलायची असते. सरळ पळायला जागा मिळते ती कडेनं, तीही क्वचित. तीस मीटरच्या शर्यतीत तू जो वेग शेवटच्या दहा मीटरमध्ये गाठतोस तो या मैदानावर तुला कधी लागतच नाही. दिवाळीनंतर तू पर्वतीच्या पायऱ्या धावत चढायला लागलास, पायाला वजनं बांधून सणस मैदानावर चकरा मारल्यास, तळजाईच्या चढावर पळालास. त्यानं तुझा वेग वाढला. नक्की वाढला. पण वाढलेल्या वेगानं तू फटीशी आधीपेक्षा लवकर पोचायला लागलास. लवकर पोचल्यावर तिथे थांबावं लागतं, आणि थांबायला तू शिकलाच नाहीस. थांबता येत नाही म्हणून ओलांडतोस. ओलांडलंस की आक्रमकाला कुणाला खो द्यायचा हे कळतं, तेही निवांत. दिवाळीपूर्वीचे तुझे डाव माझ्या वहीत आहेत. तेव्हा तू सरासरी मिनिटभर टिकत होतास.

त्यात मॅटची भर पडली. आपल्या मातीवर तू जोरात येऊन टाच टेकवलीस की पाय वीतभर घसरायचा. तुला वाटायचं आपण थांबलो. ते घसरणं होतं, आणि त्या घसरण्यात आपोआप थोडा वेळ जायचा, तोवर आक्रमक पुढे यायचा. मातीनं तुझी चूक झाकून ठेवली होती. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला, तेव्हा मी शाळेच्या सहलीसारखा बस भरून तुम्हां पोरांना घेऊन गेलो होतो, आठवत असेल. मॅटवर बूट धरतो, घसरत नाही. पूर्ण वेगात येऊन थांबायला गेलास तर घोटा आणि गुडघा यांवर सगळा भार येतो, आणि शरीर शहाणं असतं, ते थांबायचं टाळतं. निवडीचे सामने मी मुद्दाम मॅटवर घेतले. तुला त्याचा राग आहे हे मला कळलं आहे. पण जिल्ह्याचे सामनेही मॅटवरच आहेत.

आता तिळाकडे येऊ.

पहिली गोष्ट बघण्याची आहे. तू पळताना मागे बघतोस ते आक्रमकाच्या तोंडाकडे आणि हाताकडे. हूल तिथेच असते. तोंड खोटं बोलतं, हात खोटं बोलतात, खांदाही कधी कधी. मागचा पाय खोटं बोलू शकत नाही. तो पाटीत आहे किंवा नाही. म्हणून आपण सुरुवात चालण्यापासून करणार आहोत. आठ जण बसतील, आक्रमक चालत येईल, तूही चालशील. फटीशी येऊन उभा राहायचं, त्याच्या मागच्या पायाकडे बघायचं आणि तो पाटीतून सुटला की मोठ्यांदा ‘सुटला’ म्हणायचं, आणि म्हणत म्हणतच ओलांडायचं. तोंडानं म्हणायचं का, तर तू खरंच बघतो आहेस की अंदाजानं जातो आहेस हे मला बाहेरून कळावं म्हणून. दोन-तीन फेऱ्यांत तुला आक्रमकाच्या चालीची लय पाठ होईल आणि तू न बघताच बरोबर वेळी ‘सुटला’ म्हणायला लागशील. प्रत्येकाचं तसं होतं. म्हणून आक्रमकाला मी सांगून ठेवणार आहे की मधेच थांब, मधेच अडीच पावलं पळ, मधेच चारच्या मागे नुसता उभा राहा. तो उभा राहिला आणि तू गेलास, तर तू बघत नव्हतास.

मग हळू पळत, मग पाऊण वेगानं. चित्रण घ्यायचं आणि तू ओलांडतानाच्या क्षणावर थांबवायचं. आक्रमकाचा पाय कुठे आहे ते बघायचं. दहातल्या आठ वेळा पाय पाटीबाहेर असेल तरच वेग वाढवायचा, नाहीतर परत खाली यायचं. पूर्ण वेग सर्वांत शेवटी, आणि खरं सांगायचं तर पूर्ण वेगाची पाळी पुष्कळदा येतच नाही. सामन्यातही पाऊण वेगच पुरतो, पूर्ण वेग लागतो तो फसल्यावर निसटायला.

दुसरी गोष्ट थांबण्याची. शेवटची दोन पावलं छोटी, कंबर खाली, वजन पंजावर, आणि छाती आक्रमकाकडे अर्धी वळलेली. हे उभ्यानं समजतं, पळताना मांड्या साथ देत नाहीत. आणि इथे एक गंमत सांगतो. पर्वती तू धावत चढतोस आणि उतरताना मित्राच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारत उतरतोस. थांबायला लागणारी ताकद चढताना मिळत नाही, उतरताना मिळते. प्रत्येक पायरीवर मांडीला शरीर आवरावं लागतं, तेच तुला फटीशी पाहिजे आहे. म्हणून चढ सावकाश आणि उतर शांतपणे, पायावर ताबा ठेवून, एकेक पायरी. धावत उतरायचं नाही, त्यात गुडघे जातात. वजनं बांधून तर मुळीच नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, त्या दिवशी पायऱ्यांना हात लावायचा नाही.

एवढंच. तिसरं काही देत नाही, कारण तिसरं दिलं की तू ते पहिलं करशील.

या सगळ्याला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. आक्रमक उंच असेल, हात लांब असतील, तर त्याचा पाय पाटीतून सुटेपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. तो त्याच झेपेत तुला गाठतो. अशांसमोर फटीत पाचच्या आणखी जवळ उभं राहावं लागतं आणि थोडं आधी निघावं लागतं. किती आधी, हे प्रत्येकाच्या हातावर आहे आणि ते मार खाऊनच कळतं. शिवाय तू एकटा शिकत नसतोस, समोरचेही शिकतात. तू पायाकडे बघतोस हे एकदा कळलं की चांगला आक्रमक पाटीत पाय ठेवून रेंगाळेल आणि तुला तिष्ठत ठेवेल. त्याचं उत्तर साखळी सोडून गोल खेळणं हे आहे, पण ते पुढच्या वर्षीचं बोलणं झालं. आणि काही मुलांना हे बघणं जमतच नाही. डोळे, पाय, वळणं हे सगळं एका वेळी त्यांना झेपत नाही. तसं तुझ्या बाबतीत निघालं तर मी तुला आक्रमणात घेईन. खांबावर तुझा सूर चांगला पडतो आणि त्या कामाला तुझा वेग खरोखर लागतो. पण ते सहा-आठ आठवडे बघून ठरवू. आत्ताच नाही.

पुढच्या वर्षी तू कुमार गटात बसतोस, वयाचा प्रश्न नाही. निवड होईलच असं मी म्हणणार नाही. तसा शब्द मी ‘बस’लाही दिला नव्हता.

तुझ्या खोलीत प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांचे फोटो आहेत, असं तुझ्या आईनं सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात आपले दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार पुण्याचे, याचा मलाही तुझ्याइतकाच आनंद आहे. फोटो राहू दे. पण त्या स्पर्धेचे सामने इंटरनेटवर आहेत, ते परत लाव आणि या वेळी चेंडूसारखा धावणाऱ्याच्या मागे डोळा पळवू नकोस. आक्रमकाच्या मागच्या पायावर डोळा ठेव आणि पळणारा कधी ओलांडतो ते बघ. आवाज बंद करून बघ, समालोचन फार असतं.

बाबांना सांग की मेहनत कमी पडली म्हणून नाव गेलेलं नाही. उलट आता मेहनत कमी करायला सांगितली आहे म्हणावं. त्यांचा विश्वास बसला नाही तर मला फोन करू दे, संध्याकाळी सातनंतर. सकाळी मैदानावर मी फोन उचलत नाही.

आणि जिल्ह्याच्या सामन्यांना संघाबरोबर ये. बसायला येऊ नकोस, वही घेऊन ये. आपल्या प्रत्येक गड्याला किती सेकंदांत आणि कुठे बाद केलं, ओलांडताना आक्रमकाचा पाय आत होता की बाहेर, हे लिहायला मला कुणीतरी पाहिजे आहे. ‘बस’ला चष्म्यामुळे ते लांबून दिसत नाही, आणि तसाही तो मैदानात असेल.

सरावाला मंगळवारी साडेसहाला, मॅटवर. बूट आण, वजनं घरी ठेव.

तुझा,
सर
पुणे